चार मेणबत्त्या आणि सव्वीस संध्याकाळी

नाताळ कधी आहे? डिसेंबर उजाडला की लहान मुलं हा प्रश्न रोज विचारतात. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराबाहेर हॉर्न नावाच्या खेड्यात, योहान हिन्रिख विखर्न या तरुण धर्मशिक्षकालाही मुलं हेच विचारत. 1833 साली त्याने तिथे अनाथ आणि हलाखीतल्या मुलांसाठी एक घर सुरू केलं होतं. 'राउहेस हाउस' हे त्याचं नाव. मुलांना तारीख सांगून भागत नव्हतं, कारण लहान मुलाला 'अजून वीस दिवस' म्हणजे नेमकं किती हे कळत नाही. 1839 च्या आगमनकाळात विखर्नने गाडीचं एक जुनं लाकडी चाक घेतलं आणि त्यावर 24 मेणबत्त्या बसवल्या. चार मोठ्या पांढऱ्या, वीस लहान तांबड्या. रोज प्रार्थनेच्या वेळी एक नवी मेणबत्ती पेटायची, रविवारी मोठी आणि इतर दिवशी लहान. किती राहिल्या ते मुलं स्वतःच मोजू लागली.

आज घरोघरी पेटणाऱ्या आगमन-चक्राची ही सुरुवात. इंग्रजीत त्याला अ‍ॅडव्हेंट रीथ म्हणतात. वसईत, मुंबईत, गोव्यात आणि इतरत्र राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांपैकी काही ते आगमनकाळात घरी मांडतात.

चोवीस मेणबत्त्यांचं चाक प्रार्थनागृहात टांगता येतं, दोन खोल्यांच्या घरात मात्र त्याला जागा कुठली? घरी आणताना लोकांनी लहान मेणबत्त्या गाळल्या आणि रविवारच्या चार ठेवल्या. चाकाभोवती हिरव्या फांद्या गुंडाळण्याची पद्धतही नंतरची, साधारण 1860 च्या सुमाराची. ही चाल मुळात प्रोटेस्टंटांची होती. कॅथलिक चर्चमध्ये ती विसाव्या शतकात आली. कोलोन शहरातल्या एका कॅथलिक चर्चमध्ये 1925 साली असं चक्र लागल्याची नोंद सापडते. त्यामुळे ही फार प्राचीन परंपरा आहे असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. ती जेमतेम पावणेदोनशे वर्षांची आहे आणि मुलांसाठी जन्मलेली आहे. घरी प्रार्थना कशी करायची हे ठरवताना ही दुसरी गोष्ट फार उपयोगी पडते.

चार रविवार, पण दिवस किती?

आगमनकाळाचे रविवार नेहमी चारच असतात. दिवस मात्र दरवर्षी बदलतात, कारण चौथा रविवार नाताळाच्या किती आधी येईल हे नाताळाच्या वारावर ठरतं. पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या मध्ये कुठेही पडू शकतो, म्हणून हा काळ कधी 28 दिवसांचा तर कधी फक्त 22 दिवसांचा असतो. 2023 साली चौथा रविवार आणि 24 डिसेंबर एकाच दिवशी आले. सकाळी चौथी मेणबत्ती लावायची आणि रात्री नाताळच्या मिस्साला निघायचं, अशी त्या दिवशी अनेकांची धांदल झाली. 2028 मध्ये पुन्हा तसंच होणार आहे. अशा वर्षी चौथी मेणबत्ती आदल्या शनिवारी संध्याकाळी लावावी. चर्चच्या हिशेबात रविवार शनिवारच्या संध्याकाळीच सुरू होतो, त्यामुळे हे नियमाला धरून आहे.

2026 चं उदाहरण घेतलं तर सगळं स्पष्ट होतं. त्या वर्षी नाताळ शुक्रवारी आहे आणि रविवार पडतात 29 नोव्हेंबर, 6, 13 आणि 20 डिसेंबरला. 29 नोव्हेंबर ते 24 डिसेंबर या एकूण 26 संध्याकाळी. पहिली मेणबत्ती त्या सगळ्या संध्याकाळी पेटते, कारण नवी लावताना जुन्याही लावायच्या असतात. दुसरी पेटते 19 वेळा, तिसरी 12 वेळा आणि चौथी अवघ्या 5 वेळा. एका वेळी दहा मिनिटं धरली, तर पहिली एकूण चार तास वीस मिनिटं जळेल आणि चौथी पन्नास मिनिटं.

हे गणित दुकानात जाण्याआधी करावं. घरातल्या मेणबत्तीवर पेनने खूण करून ती अर्धा तास जाळून पाहिली की ती तासाला किती उतरते ते समजतं. समजा दोन सेंटिमीटर उतरली. मग पहिली मेणबत्ती आगमनकाळात जवळपास नऊ सेंटिमीटर कमी होणार, म्हणजे पंधरा सेंटिमीटर उंचीची पुरेल. पण तीच मेणबत्ती रोज जेवण संपेपर्यंत तासभर ठेवली तर तिला बावन्न सेंटिमीटर उंची लागेल. अनेक घरांत पहिली मेणबत्ती तिसऱ्या आठवड्यातच संपते ती यामुळे. मग तिथे नवी लावावी लागते आणि चक्राची खरी गंमत जाते. चारही मेणबत्त्या एकाच उंचीच्या आणून सुरुवात केली की चोवीस डिसेंबरला त्यांची पायऱ्यांसारखी उतरंड झालेली असते. किती दिवस वाट पाहिली हे ती उतरंड दाखवते, आणि लहान मूलही ती बोटाने मोजू शकतं.

परात, वाळू आणि सुरूच्या फांद्या

युरोपात चक्राला फर किंवा स्प्रूसच्या फांद्या लावतात. आपल्याकडे त्यांचा हट्ट धरण्याचं कारण नाही. वसई-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत आणि त्यांची सुईसारखी पानं या कामाला उत्तम दिसतात. शहरात मोरपंखीच्या डहाळ्या मिळतात. आंब्याची पानंही चालतात. हिरवं हवं ते एवढ्यासाठी की थंडीत इतर झाडं निष्पर्ण झाली तरी जी हिरवी राहतात ती न संपणाऱ्या जीवनाची खूण मानली गेली. आणि गोल आकार, ज्याला सुरुवात नाही की शेवट नाही, तो देवाच्या अनंतपणाची.

मांडणीची सगळ्यात सोयीची रीत म्हणजे एक पसरट स्टीलची परात. तिच्यात दोन बोटं जाडीची ओली वाळू पसरायची, चार मेणबत्त्या चौकोनाच्या कोपऱ्यांसारख्या खोचायच्या आणि कडेने डहाळ्या आडव्या रोवायच्या. ओल्या वाळूमुळे मेणबत्त्या सरळ उभ्या राहतात, डहाळ्या जास्त दिवस ताज्या राहतात आणि एखादी ठिणगी पडली तरी विझते. बाजारात मिळणाऱ्या फोमच्या किंवा प्लास्टिकच्या हिरव्या वळ्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे.

सुरू वाळली की कागदासारखी पेट घेते. एक पान वाकवून पाहावं: नुसतं वाकलं तर ठीक, कटकन तुटलं तर त्या संध्याकाळी मेणबत्ती लावण्याआधी डहाळ्या बदलाव्यात. मुंबई-वसईच्या डिसेंबरात आठ-दहा दिवसांनी हे करावंच लागतं. ज्योत आणि डहाळी यांच्यात चार बोटांहून कमी अंतर उरलं की मेणबत्ती बदलावी, मग उतरंड बिघडली तरी चालेल. आणि पंखा बंद करावा. पंख्याच्या वाऱ्यात ज्योत एका अंगाला झुकते, मेण एकाच बाजूने ओघळतं आणि दहा मिनिटांत अर्ध्या तासाइतकी मेणबत्ती खाली येते.

रंगांबाबत कॅथलिक प्रथा अशी: तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. जांभळा हा पश्चात्तापाचा आणि तयारीचा रंग. आगमनकाळात धर्मगुरूंच्या मिस्साच्या वस्त्रांचाही तोच असतो. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारची, दुसऱ्या किंवा चौथ्या नव्हे, आणि घरोघरी चूक होते ती बहुधा इथेच. तिसऱ्या रविवारला लॅटिनमध्ये 'गाउदेते' म्हणतात, म्हणजे आनंद करा. अर्धी वाट सरली म्हणून त्या दिवशी तयारीचा कडकपणा थोडा सैल होतो. जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर चार पांढऱ्या आणून तिघींना जांभळी आणि एकीला गुलाबी फीत बुडाशी बांधावी. जर्मनीत बहुतेक घरांत चारही तांबड्या असतात, त्यामुळे रंगावाचून काही अडत नाही. काही कुटुंबं मधोमध पाचवी, पांढरी मेणबत्ती ठेवतात. ती ख्रिस्ताची, आणि ती नाताळच्या रात्रीच पेटते.

दहा मिनिटांची प्रार्थना

मराठी कॅथलिक घरांत संध्याकाळी एकत्र रोझरी म्हणण्याची जुनी रीत आहे. ज्या घरी ती टिकून आहे तिथे चक्र त्याच वेळी, आल्तारापुढे लागतं. जिथे ती सुटली आहे तिथे आगमनकाळ हा एकत्र बसायला चांगला बहाणा आहे, पण वेळ दहा मिनिटांच्या आत ठेवली तरच. विखर्नच्या मुलांना लांबलचक प्रवचन नको होतं, आजच्या मुलांनाही नको असतं.

क्रम साधा आहे. दिवे आणि पंखा बंद. क्रुसाची खूण. मग मेणबत्ती लावायची. अनेक घरांत पहिल्या आठवड्यात सर्वांत धाकटं मूल ती लावतं, दुसऱ्यात थोरलं, तिसऱ्यात आई आणि चौथ्यात बाबा. आजी-आजोबा असतील तर क्रम तसा फिरवावा. लहान मुलाच्या हाताखाली मोठ्याचा हात हवा आणि काडी लांब हवी. त्यानंतर एकाने वचन वाचायचं, साधारण मिनिटभर सगळ्यांनी गप्प राहायचं, आणि मग प्रार्थना. तिच्या शेवटी सगळे एकच ओळ म्हणतात, म्हणजे वाचता न येणाऱ्या मुलालाही तोंडपाठ वाटा मिळतो. आवडीचं एखादं भक्तिगीत म्हणून संपवायचं.

चक्राला आशीर्वाद देण्यासाठी घरी फादर यायलाच हवेत असं नाही. पहिल्या संध्याकाळी आई, बाबा किंवा घरातल्या कुणीही असं म्हणावं:

*हे प्रभो, ही पानं तू हिरवी केलीस आणि हा उजेड तुझ्यामुळे आहे. या चक्राभोवती आम्ही रोज जमू. ज्या संध्याकाळी आम्ही दमलेले किंवा रागावलेले असू, त्या संध्याकाळीही आम्हाला इथे आण. आमेन.*

वाचनं कोणती घ्यायची? कॅथलिक चर्चच्या रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं आहे, 'अ', 'ब' आणि 'क'. 2026 च्या आगमनकाळात 'ब' वर्ष सुरू होतं. त्या त्या रविवारचंच वाचन घरी घेतलं तर चर्चमध्ये ऐकलेलं आठवडाभर कानात राहतं. मात्र ते जसंच्या तसं, पूर्ण वाचण्याची गरज नाही.

पहिल्या रविवारचं शुभवर्तमान मार्कच्या तेराव्या अध्यायातलं, 33 ते 37 ही फक्त पाच वचनं. घरधनी प्रवासाला जातो, प्रत्येक नोकराला त्याचं काम वाटून देतो आणि राखणदाराला जागं राहायला सांगतो. तो केव्हा परतेल ते कुणालाच ठाऊक नसतं: संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की पहाटे? रोमन लोक रात्रीचे चार प्रहर मानत, ते हेच चार. आणि चक्रावर मेणबत्त्याही चार. हा मेळ कुणी मुद्दाम घडवला नसेल, पण मुलांना दाखवला की त्यांच्या तो चटकन ध्यानात येतो: आज पहिला प्रहर चालू आहे, अजून तीन अंधारात आहेत.

*हे प्रभो, दारातल्या राखणदाराला झोप येते तशी आम्हालाही येते. कामाच्या, अभ्यासाच्या धावपळीत तुझी वाट पाहायची राहून जाते. आज एकच ज्योत आहे. तिच्या उजेडात आम्हाला जागं ठेव. रात्रपाळीला गेलेल्यांना, होडी घेऊन समुद्रात गेलेल्यांना आणि आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्यांना सांभाळ.*
*सर्वजण: प्रभो, ये. आमच्या घरी ये.*

दुसऱ्या आठवड्यात मार्कच्या पहिल्या अध्यायाची पहिली आठ वचनं. बाप्तिस्मा करणारा योहान इथे भेटतो. अंगात उंटाच्या केसांचं वस्त्र, कमरेला कातडी पट्टा, खायला टोळ आणि रानमध. मुलं या माणसाला विसरत नाहीत. तो प्रभूसाठी वाट तयार करायला सांगतो. त्याच दिवशीच्या यशयाच्या चाळिसाव्या अध्यायातल्या वाचनात हीच वाट आणखी मोठी होते, दऱ्या भरून निघतात आणि डोंगर सपाट होतात. पूर्वी राजा येणार म्हटलं की रस्ता असाच नीट केला जाई. घरातली वाट कुठे खचली आहे हे विचारण्याचा हा आठवडा. अबोला असेल तर तो मोडण्याचाही.

*हे प्रभो, तुझ्या वाटेतले खड्डे आमच्याच हातचे आहेत. आम्ही जे टाकून बोललो, जे मनात धरून ठेवलं, ज्याची माफी मागायची राहिली, ते आज तुला सांगतो.*
*(इथे सगळ्यांनी क्षणभर गप्प राहावं. कुणाला कुणाची क्षमा मागायची असेल तर मागावी.)*
*आमच्यातला उंच-सखलपणा तू सपाट कर.*
*सर्वजण: प्रभो, ये. आमच्या घरी ये.*

कंसातली ती ओळ सर्वांत अवघड. मोठ्यांनी लहानांची क्षमा मागितली तर मुलं ती वर्षानुवर्षं विसरत नाहीत. पण कुणावर जबरदस्ती करू नये. काही बोलायचं नसलेला माणूस नुसता बसला तरी तो प्रार्थनेतच असतो.

तिसरा रविवार गुलाबी मेणबत्तीचा. चर्चमधलं शुभवर्तमान लांब आहे. घरी योहानच्या पहिल्या अध्यायातली 6 ते 8 ही तीन वचनं पुरतात. योहान स्वतः प्रकाश नव्हता, प्रकाशाविषयी साक्ष द्यायला आला होता, असं तिथे सांगितलं आहे. मेणबत्ती लागलेली असताना हे वाचलं की समजावून सांगावं लागत नाही. अगदी लहान मुलाला त्याच रविवारच्या दुसऱ्या वाचनातलं एक वचन द्यावं: थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, अध्याय 5, वचन 16. ते दोन-तीन शब्दांचंच आहे आणि नेहमी आनंदी राहायला सांगतं. शाळेत न जाणारं मूलही ते एका संध्याकाळी पाठ करतं.

हा आनंद मात्र सगळ्या घरांत सारखा नसतो. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झालेला असतो, त्या घराला गुलाबी मेणबत्ती लावणं जड जातं. अशा घरी ती लावावी का? लावावी, आणि प्रार्थनेत गेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने घ्यावं.

*हे प्रभो, तू जवळ आला आहेस म्हणून आज आम्ही आनंद करतो. योहानाने लोकांना स्वतःकडे नाही, तुझ्याकडे वळवलं. आम्हालाही तसं करता येऊ दे. ज्यांच्या घरी यंदा एक जागा रिकामी आहे, त्यांची आणि आमच्या ........ ची आठवण आज आम्ही तुझ्यापुढे ठेवतो.*
*सर्वजण: प्रभो, ये. आमच्या घरी ये.*

चौथ्या रविवारी लूकच्या पहिल्या अध्यायातला, 26 ते 38 वचनांतला प्रसंग येतो. गब्रिएल देवदूत मरियेकडे येतो. तेरा वचनं एका दमात वाचली तर मुलांचं लक्ष उडतं. म्हणून ती वाटून घ्यावीत. एकाने निवेदन वाचावं, एकाने देवदूताचं बोलणं आणि मुलीने मरियेचं. मरियेच्या वाट्याला दोनच वाक्यं येतात. पहिल्यात ती प्रश्न विचारते, दुसऱ्यात होकार देते. या क्रमाकडे मोठ्यांनी मुलांचं लक्ष वेधावं. तिने आधी विचारलं आणि देवदूत रागावला नाही.

*हे प्रभो, मरियेला जे कळलं नाही ते तिने विचारलं, आणि तू उत्तर दिलंस. आमच्याही मनात प्रश्न आहेत. ते विचारायचं धैर्य आम्हाला दे आणि होकार द्यायची वेळ आली की तेही धैर्य दे. या दिवसांत बाळाची वाट पाहणाऱ्या सगळ्या आयांना सांभाळ.*
*सर्वजण: प्रभो, ये. आमच्या घरी ये.*

आठवड्याच्या इतर संध्याकाळी काय करायचं? तेच वाचन आणि तीच प्रार्थना. रोज नवं शोधायला गेलं की दुसऱ्या आठवड्यातच दमायला होतं आणि चक्र पुन्हा रविवारापुरतं उरतं. एकच प्रार्थना सात वेळा म्हटली की चौथ्या-पाचव्या संध्याकाळी मुलं ती कागदाशिवाय म्हणू लागतात. एखादी संध्याकाळ चुकली, पाहुणे आले, ट्रेन उशिरा पोचली, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये. तिथूनच पुढे चालू करावं. रविवारच चुकला तर त्या आठवड्याची मेणबत्ती सोमवारी लावावी.

फक्त 17 डिसेंबरपासून थोडा बदल करता येतो. 17 ते 23 हे सात दिवस चर्चच्या सायंप्रार्थनेत ख्रिस्ताला रोज एका वेगळ्या नावाने हाक मारली जाते: ज्ञान, प्रभू, इशायाचा अंकुर, दाविदाची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा आणि शेवटी इम्मानुएल, म्हणजे देव आमच्याबरोबर. शेवटच्या ओळीत 'प्रभो'च्या जागी त्या दिवसाचं नाव घालावं. पाचव्या संध्याकाळी, 21 डिसेंबरला, 'उगवत्या सूर्या, ये' असं म्हटलं जातं. ती वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रींपैकी एक.

चोवीसच्या संध्याकाळी चारही मेणबत्त्या लागतात, त्यांतली पहिली एव्हाना बुटकी झालेली असते. ज्या घरी पाचवी, पांढरी मेणबत्ती आहे ते रात्रीच्या मिस्साहून परतल्यावर ती या चार ज्योतींपैकी एकीवरून पेटवतात आणि गोठ्यात बाळ येशू ठेवतात. ते ठेवण्याचा मान धाकट्याचा. परातीतल्या डहाळ्या एव्हाना पुन्हा वाळायला लागलेल्या असतात. त्या दुसऱ्या दिवशी काढून टाकायच्या. चार मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे मात्र कागदात गुंडाळून गोठ्याच्या सामानाच्या पेटीत ठेवायचे. पुढच्या वर्षी पेटी उघडली की ते आधी हाती लागतात.